‘आपणांस माहीतच आहे’ हे वाचणाऱ्याला का टोचते आणि ते कसे दुरुस्त करावे

गृहनिर्माण संस्थेची सूचना असो, कार्यालयातला ईमेल असो किंवा शाळेने पालकांना पाठवलेले पत्र असो, ‘आपणांस माहीतच आहे’, ‘अर्थातच’, ‘हे उघड आहे’, ‘साहजिकच’, ‘वेगळे सांगायला नको’ असे शब्द त्यांत इतक्या सहज उतरतात की लिहिणाऱ्याला ते लिहिल्याची जाणीवही राहत नाही. त्याचा हेतू बहुतेक वेळा नम्रतेचा असतो. समोरच्याला आपण शिकवत आहोत असे वाटू नये, त्याच्या जाणतेपणाचा मान राखावा, म्हणून तो हे शब्द घालतो. वाचणाऱ्यापर्यंत मात्र अनेकदा नेमके उलटे पोहोचते: आपल्याला टोमणा मारला, किंवा आपल्याला एवढेही कळत नाही असे सुचवले, असे त्याला वाटते. हा घोटाळा शब्दांच्या सौम्यपणाचा किंवा कठोरपणाचा नाही. या शब्दांतून आपण वाचणाऱ्याच्या डोक्यात काय आहे याविषयी एक विधान करतो, आणि ते विधान करण्याचा आपल्याला अधिकार नसतो, हे त्याचे खरे कारण आहे.

‘आपणांस माहीतच आहे की पाण्याची टाकी दर सहा महिन्यांनी धुतली जाते’ या वाक्यात दोन विधाने आहेत. एक टाकीविषयी आहे आणि दुसरे वाचणाऱ्याविषयी. टाकीविषयीचे विधान खरे असले तरी वाचणाऱ्याविषयीचे खोटे असू शकते. मागच्या महिन्यात राहायला आलेल्या भाडेकरूला टाकी कधी धुतली जाते हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण वाक्याने त्याला जाणत्यांच्या रांगेत उभे करून टाकले आहे. आता त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: आपल्याला हे माहीत नव्हते असे उघड करून अज्ञानी ठरायचे, किंवा गप्प बसायचे. बहुतेक माणसे गप्प बसतात. म्हणूनच अशा पत्रांवर शंका कमी येतात, आणि शंका आल्या नाहीत म्हणून पत्र सर्वांना समजले असा लिहिणाऱ्याचा गैरसमज पक्का होतो.

ज्याला ती गोष्ट खरोखर माहीत आहे, त्याचे काय होते? त्याला प्रश्न पडतो की, मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत असताना तुम्ही मला हे सांगता कशासाठी? या प्रश्नातच उपरोधाचे मूळ आहे. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात संभाषणाविषयी मांडलेली कल्पना इथे फार उपयोगी पडते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, बोलणारा माणूस गरजेपुरते, खरे आणि प्रसंगाला धरून बोलत आहे, असे ऐकणारा मनाशी गृहीत धरतो. बोलणाऱ्याने हा अलिखित करार उघडपणे मोडलेला दिसला, तर ऐकणारा त्याला वेडा ठरवत नाही. तो न बोललेला अर्थ शोधू लागतो. ‘तुम्हाला माहीतच आहे’ असे म्हणून तीच गोष्ट पुन्हा सांगणे म्हणजे गरजेपेक्षा जास्त बोलणे, आणि तेही आपण जास्त बोलत आहोत असे स्वतःच जाहीर करून. मग वाचणारा कारण शोधतो. आधी काही कुरबूर झालेली असेल, वर्गणी थकली असेल, अर्ज द्यायचा राहिला असेल, तर ते कारण त्याला लगेच सापडते: हे मला उद्देशून आहे.

तिसराही एक वाचणारा असतो, त्याला ती गोष्ट मान्य नसते. ‘साहजिकच पार्किंगचे शुल्क वाढवावे लागणार आहे’ हे वाचून त्याला राग येतो तो शुल्काचा नव्हे, तर ‘साहजिकच’ या शब्दाचा, कारण ज्यावर चर्चा व्हायची होती ते त्या शब्दाने चर्चेशिवाय निकालात काढलेले असते. विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीच्या लेखनसंकेतांत ‘अर्थातच’, ‘साहजिकच’, ‘उघडपणे’ या अर्थाचे शब्द टाळायला सांगितले आहे आणि त्याची कारणेही दिली आहेत: हे शब्द वाचकाच्या ज्ञानाविषयी गृहीत धरतात, लिहिणाऱ्याचे मत आत सरकवतात, आणि माहिती इतकी उघड असेल तर ती दिलीच कशाला, असा प्रश्न उभा करतात. वरचे तिन्ही वाचक या कारणांत आले.

आपल्याला जे उघड वाटते ते इतरांना किती उघड असते, याचा अंदाज करण्यात माणूस फार कच्चा असतो. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएचडीसाठी केलेल्या प्रयोगात काही जणांना सर्वांच्या परिचयाच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितले होते, आणि ऐकणाऱ्यांनी त्यावरून गाणे ओळखायचे होते. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील; प्रत्यक्षात १२० पैकी अवघी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू होती, ऐकणाऱ्यापर्यंत नुसती टकटक पोहोचत होती. संस्थेचे काम दहा वर्षे पाहणाऱ्या सचिवाच्या ‘हे उघडच आहे’ या वाक्याची गत याहून निराळी नसते.

मराठीत या घोटाळ्याला आणखी एक खास वाट आहे, ती म्हणजे ‘च’. हा एवढासा ‘च’ दोन निरनिराळी कामे करतो. ‘हाच अर्ज भरावा’ यात तो अनेकांतून एकाची निवड करतो. तिथे तो निरुपद्रवी आहे, किंबहुना आवश्यक आहे. ‘माहीतच आहे’, ‘सांगितलेच होते’, ‘दिलेलाच नाही’ यांत तो निवड करत नाही, ठासून सांगतो, आणि ठासताना समोरच्याची अपेक्षित वागणूकही सुचवतो. ‘आपला अर्ज आलेला नाही’ ही बातमी आहे. ‘आपला अर्ज आलेलाच नाही’ यात तो यायला हवा होता, आम्ही वाट पाहून दमलो, असा सूर आला. ‘सूचना फलकावर लावली होती’ आणि ‘सूचना फलकावर तर लावली होती’ या दोन वाक्यांतही ‘तर’मुळे तेवढेच अंतर पडते, दुसऱ्या वाक्यापुढे ‘मग आणखी काय करायचे आम्ही?’ हे न लिहिताही ऐकू येते.

बोलताना आपण हेच शब्द दिवसभर वापरतो आणि कोणी दुखावत नाही, कारण आवाज त्यांना सांभाळून घेतो. ‘तुम्हाला माहीत आहे ना’ यातला ‘ना’ बोलताना वर चढतो आणि समोरच्याची संमती मागतो. कागदावर तो चढत नाही, जाब विचारल्यासारखा उभा राहतो. लिहिणाऱ्याच्या कानात मात्र स्वतःचा आवाज चालूच असतो, म्हणून त्याला फरक जाणवत नाही. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना काही वाक्ये उपरोधाने आणि काही सरळ अर्थाने पाठवायची होती. ईमेलने पाठवलेली सुमारे ७८ टक्के वाक्ये समोरच्याला बरोबर कळतील असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ५६ टक्के कळली, म्हणजे डोळे मिटून अंदाज केला असता तर जितकी बरोबर आली असती त्याहून थोडीच जास्त. आवाजातून तीच वाक्ये बऱ्याच अधिक प्रमाणात बरोबर ओळखली गेली. जिथे उपरोध आहे की नाही हेच धड कळत नाही, तिथे नसलेला उपरोध दिसणे ओघाने आले.

आता दुरुस्तीकडे येऊ. असा शब्द नुसता खोडून टाकावा, हा सल्ला निम्म्या वेळा पुरतो आणि उरलेल्या निम्म्या वेळा वाक्य उघडे पाडतो, कारण तो शब्द काहीतरी काम करत होता. म्हणून आधी ते काम ओळखावे. ते ओळखणे कसे होते, हे एका पत्रावरून दाखवतो. पत्र नमुन्यादाखल रचलेले आहे, पण त्यातले प्रत्येक वाक्य कोणत्याही संस्थेच्या फलकावर सापडेल असे आहे.

> सर्व सभासदांना माहीतच आहे की नामनिर्देशन करणे किती आवश्यक आहे. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे सदनिकेची मालक नव्हे, हे तर उघड आहे. तरीही अनेक सभासदांनी अद्याप अर्ज दिलेलाच नाही. अर्ज अगदी सोपा असून फक्त तीन प्रतींत भरून द्यायचा आहे. मागील सूचनेत स्पष्टपणे कळविल्याप्रमाणे अंतिम तारीख ३० जून आहे. आपल्यासारख्या सुज्ञ सभासदांस अधिक सांगणे न लगे.

पहिल्या वाक्यातले ‘माहीतच आहे’ कारण सांगण्याचे काम टाळण्यासाठी आले आहे. नामनिर्देशन आवश्यक का आहे, हे सचिवाने लिहिलेले नाही. ते सर्वांना माहीत असल्याचे जाहीर करून त्याने स्वतःची सुटका करून घेतली आहे. इथली दुरुस्ती म्हणजे कारण लिहिणे: सभासदाच्या मृत्यूनंतर संस्थेने पुढचा व्यवहार कोणाशी करायचा, हे नामनिर्देशनामुळे लगेच ठरते. हे एक वाक्य लिहिले की ‘माहीतच आहे’ची गरज राहत नाही. ज्याला माहीत होते तो ते सहज ओलांडून पुढे जातो, आणि ज्याला नव्हते त्याला ते मिळते.

दुसरे वाक्य या पत्रातले सर्वांत घातक आहे. नामनिर्देशित व्यक्तीला मालकी आपोआप मिळत नाही. ती इतर वारसांच्या वतीने सदनिका सांभाळते, आणि खरी मालकी मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसार ठरते. ही गोष्ट मुळीच उघड नाही. ज्याच्या नावे नामनिर्देशन केले त्याचेच घर झाले, अशी समजूत असलेली शिकलेली माणसे घरोघर आहेत, आणि त्या समजुतीपायी कित्येक जण मृत्युपत्र करत नाहीत. ज्या वाचकाची समजूत चुकीची आहे, नेमक्या त्याच वाचकाला हे वाक्य सर्वांदेखत मूर्ख ठरवते. असे शब्द शोधताना हा ठोकताळा फार कामाचा आहे: ‘उघड आहे’ असे जिथे लिहावेसे वाटते, तिथे अनेकदा एक पसरलेला गैरसमज असतो आणि लिहिणारा नकळत त्याच्याशी वाद घालत असतो. तसे असेल तर गैरसमजाचे नाव घ्यावे, माणसांचे घेऊ नये. ‘नामनिर्देशन केले की मालकी मिळते, असा समज आढळतो, कायद्याने तसे होत नाही’ असे लिहिले की गैरसमज असलेला वाचक एकटा पडत नाही, आणि वस्तुस्थितीही ठामपणे सांगितली जाते.

‘तरीही अनेक सभासदांनी अर्ज दिलेलाच नाही’ यात तक्रार बातमीच्या वेषात आली आहे. यातून अर्ज दिलेले सभासदही आपला अर्ज पोहोचला की नाही या चिंतेत पडतात. आकडा दिला की तक्रारीचा सूर आपोआप विरतो. ‘४८ पैकी १९ सदनिकांचे अर्ज कार्यालयाकडे आलेले नाहीत’ या वाक्यात कमीपणा कोणालाच नाही, आणि काम किती उरले आहे ते स्वच्छ दिसते.

‘अगदी सोपा’ आणि ‘फक्त’ धीर देण्यासाठी आले आहेत, पण धीर देण्याचा हा मार्ग उलटतो. सोप्या म्हणून सांगितलेल्या कामात कोणी अडला, तर त्याला अडचण अर्जात आहे असे वाटत नाही, आपल्यात आहे असे वाटते. गूगलच्या तांत्रिक लेखनाच्या मार्गदर्शिकेत कृतीच्या सूचना लिहिताना ‘सोपे आहे’, ‘सहज’ अशा अर्थाचे शब्द टाळायला सांगितले आहे ते यामुळेच: लिहिणाऱ्याला जे सोपे वाटते ते वाचणाऱ्याला वाटेलच असे नाही. धीर द्यायचाच असेल तर तो मोजता येईल अशा माहितीतून द्यावा, म्हणजे अर्ज किती पानांचा आहे, सोबत काय लागते, कोणाच्या सह्या लागतात आणि अडल्यास कोणाला विचारायचे. या पत्रात साक्षीदारांचा उल्लेखच नव्हता. ‘सोपा’ या शब्दाने ती उणीव झाकली गेली होती.

‘स्पष्टपणे कळविल्याप्रमाणे’ हे शब्द पत्रव्यवहारातले सर्वांत ओळखीचे टोचणारे शब्द आहेत. संदर्भ देण्यात काही वावगे नाही. कार्यालयीन लेखनात तो द्यावाच लागतो. टोचते ते ‘स्पष्टपणे’, कारण त्याचा अर्थ चूक तुमची आहे एवढाच होतो. ‘दि. २ मेच्या सूचनेतील अंतिम तारीख, ३० जून, कायम आहे’ असे लिहिले की संदर्भही राहतो आणि नवी माहितीही मिळते, ती म्हणजे तारीख बदललेली नाही. जुनी गोष्ट पुन्हा सांगताना तिच्यासोबत अशी एखादी नवी बाब जोडता आली, तर ती पुन्हा का सांगितली हे वाचणाऱ्याला शोधावे लागत नाही.

शेवटचे वाक्य जुन्या पत्रलेखनातून आले आहे आणि एके काळी ते खरोखर आदराचे होते. तक्रारीच्या पाठोपाठ आले की त्यातला आदर उलटा होतो, कारण नुकतेच ज्यांना बोल लावला त्यांनाच सुज्ञ म्हटले आहे. मराठी माणसाच्या कानाला जादा मान आणि टोमणा यांतले नाते चांगले ठाऊक असते. रागावलेली आजी नातवाला ‘या, बसा’ म्हणते तेव्हा तो काय ते समजतो. म्हणून नाराजी असलेल्या पत्रात विशेषणे वाढवण्याऐवजी कमी करावीत आणि साधे ‘आपण’ ठेवावे. दुरुस्त पत्र असे होईल.

> सदनिकेसाठी नामनिर्देशन नोंदवलेले असेल, तर सभासदाच्या मृत्यूनंतर संस्थेने पुढील व्यवहार कोणाशी करायचा हे लगेच ठरते. नामनिर्देशन केले की मालकी मिळते, असा समज आढळतो. कायद्याने तसे होत नाही. मालकी मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसार ठरते. नामनिर्देशनाचे काम त्याहून वेगळे आहे, त्यामुळे मृत्युपत्र केलेले असले तरी हा अर्ज द्यावा. ४८ पैकी १९ सदनिकांचे अर्ज अद्याप आलेले नाहीत. आपल्या सदनिकेची नोंद आहे का, हे कार्यालयात पाहता येईल. अर्ज तीन प्रतींत भरून प्रत्येक प्रतीवर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. अर्ज भरण्यास मदत हवी असल्यास शनिवारी सायंकाळी ६ ते ८ या वेळेत कार्यालयात यावे. दि. २ मेच्या सूचनेतील अंतिम तारीख, ३० जून, कायम आहे.

पत्र थोडे लांबले आहे, आणि हे मान्य करायला हवे की दुरुस्तीची किंमत बहुधा लांबीत मोजावी लागते. ‘माहीतच आहे’ म्हणणारा लेखक स्वतःचे दोन मिनिटांचे काम वाचवत असतो. ते काम परत अंगावर घेतल्याशिवाय सूर सुधारत नाही. नुसते गोड शब्द पेरून, म्हणजे ‘कृपया’ आणि ‘नम्र विनंती’ वाढवून, हे साधत नाही. ‘आपणांस माहीतच आहे’च्या आधी ‘कृपया लक्षात घ्यावे’ जोडले तर टोचणी दुप्पट होते.

जिथे गोष्ट खरोखरच बहुतेकांना ठाऊक आहे आणि तरी तिचा उल्लेख टाळता येत नाही, तिथे मराठीची वाक्यरचना एक सुरेख सोय देते. ‘आपणांस माहीतच आहे की लिफ्टचे काम चालू आहे. त्यामुळे सामान जिन्याने न्यावे लागेल’ याऐवजी ‘लिफ्टचे काम चालू असल्यामुळे सामान जिन्याने न्यावे लागेल’ असे लिहावे. ‘असल्यामुळे’, ‘झाल्यापासून’, ‘ठरल्याप्रमाणे’ या रूपांत ठाऊक असलेली गोष्ट मुख्य विधानाच्या पोटात जाते. ज्याला माहीत आहे त्याला ती नुसता दुवा वाटते, ज्याला नाही त्याला ती तिथेच कळते, आणि कोणाला काय ठाऊक आहे याविषयी लिहिणारा एक अक्षरही बोलत नाही. एवढे मात्र सांभाळावे की वादाची गोष्ट या पोटात दडवू नये. ‘शुल्कवाढ अटळ असल्यामुळे’ हे ‘साहजिकच’इतकेच दडपणारे आहे.

असे शब्द आपल्या लेखनात स्वतःला दिसत नाहीत, म्हणून ते शोधण्याची एक रीत सांगतो. शंका असलेल्या वाक्यापुढे मनातल्या मनात ‘एवढेही कळत नाही का?’ हे शब्द जोडून पाहावेत. ‘लिफ्टचे काम चालू असल्यामुळे सामान जिन्याने न्यावे लागेल’ यापुढे ते बसत नाहीत. ‘फलकावर तर लावली होती’ यापुढे ते अगदी चपखल बसतात, आणि जिथे बसतात तिथे वाचणारा ते जोडूनच वाचणार असे समजावे. संगणकावर लिहिलेल्या मजकुरात ‘माहीतच’, ‘अर्थातच’, ‘उघड’, ‘साहजिक’, ‘फक्त’, ‘स्पष्टपणे’ हे शब्द शोधता येतात. ‘च’ मागच्या शब्दाला चिकटून येत असल्याने ‘च’ आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून शोधावी लागते; त्यात ‘पाच’ आणि ‘उंच’ही सापडतील, पण ते डोळ्यांनी वगळायला वेळ लागत नाही.

सगळीकडेच हे शब्द दोषी आहेत असे मात्र नाही. ‘अर्थात’ हा शब्द आधीच्या विधानाला मर्यादा घालण्यासाठी येतो तेव्हा त्यात वाचणाऱ्याच्या ज्ञानाविषयी काही नसते: ‘अर्ज कधीही बदलता येतो. अर्थात, बदल लेखी कळवावा लागतो.’ इथे तो ‘मात्र’चे काम करतो. त्याच बैठकीला बसलेल्या पाच जणांना ‘काल ठरले ते आपल्याला माहीत आहे’ असे लिहिण्यातही अडचण नाही, कारण ते विधान पाचही जणांच्या बाबतीत खरे आहे. तेच पत्र बैठकीला नसलेल्या सहाव्याला पुढे पाठवले गेले की ते त्याच्यापुरते खोटे होते, आणि आजकाल पत्रे पुढे जातातच. वाचणारे मिश्र असतील तर त्यांना उघडपणे वेगळे करणे हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. पत्राच्या सुरुवातीलाच ‘ज्यांनी अर्ज दिला आहे त्यांना काही करावयाचे नाही, इतरांसाठी माहिती खाली दिली आहे’ असे लिहिले की जाणत्याचा वेळ वाचतो, आणि नवख्याला ती माहिती त्याच्यासाठी आहे हे कळते.